रयतेचे नागरिक कसे झाले: फ्रेंच राज्यक्रांतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत फ्रेंच राज्यक्रांती बहुधा एका दिवसात उरकते: 14 जुलै 1789, पॅरिसचा किल्ला-तुरुंग बॅस्टिल पडला, राजा गेला, समता आली. बॅस्टिल पडल्यावरही राजा सोळावा लुई तीन वर्षं गादीवर होता, आणि समता कोणाला लागू होते यावर त्यापुढेही भांडण चालूच राहिलं. माझ्याकडे येणारे बहुतेक प्रश्न या मधल्या वर्षांविषयी असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

क्रांती भुकेमुळे झाली की विचारवंतांमुळे?

सुरुवात खजिन्यापासून झाली. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्सने इंग्लंडविरुद्ध पैसा आणि सैन्य ओतलं होतं, तेही बहुतांशी कर्ज काढून. 1788 च्या हिशेबात तेव्हाच्या फ्रेंच चलनात राज्याचं उत्पन्न सुमारे 50 कोटी लिव्हर होतं आणि खर्च सुमारे 63 कोटी. त्या खर्चातला निम्मा भाग फक्त कर्ज फेडण्यात आणि व्याजात जात होता. म्हणजे व्हर्सायच्या राजवाड्याचा झगमगाट पूर्ण बंद केला असता, तरी खड्डा भरला नसता.

मग कर वाढवायचा, पण कोणावर? धर्मगुरू आणि उमराव यांना मुख्य करांतून सूट होती. त्यांच्याकडून कर घ्यायचा प्रयत्न राजाच्या मंत्र्यांनी केला, तेव्हा वरिष्ठ न्यायालयांनी हुकूम नोंदवून घ्यायला नकार दिला. नवे कर लावायचे तर आधी एस्टेट्स जनरल बोलवा, असं त्यांचं म्हणणं पडलं. ही तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा शेवटची भरली होती 1614 मध्ये. राजाला दुसरा मार्ग उरला नाही.

भूक आली ती नेमकी याच वेळी. जुलै 1788 मध्ये गारपिटीने उभी पिकं झोपली, आणि 1789 च्या सुरुवातीला पॅरिसमध्ये चार पौंडांच्या पावाला साडेचौदा सू पडू लागले; 20 सूंचा एक लिव्हर. अकुशल मजुराची दिवसाची कमाई 20 ते 30 सू होती. ज्याची निम्मी मजुरी एका पावात जाते, त्याला अर्थखात्याचे आकडे कळायची गरज नसते. दिवाळखोरीने राजाला सभा बोलवायला लावली, विचारवंतांनी सभेत बोलायची भाषा दिली आणि भुकेने बाहेर गर्दी उभी केली. तिन्ही गोष्टी एकाच वर्षात जुळून आल्या.

एस्टेट्स जनरलमध्ये एवढं काय झालं?

एक नाव बदललं. माझ्या मते राजेशाहीचा पाया त्याच दिवशी खचला.

5 मे 1789 ला व्हर्सायला सभा सुरू झाली. पहिला वर्ग धर्मगुरूंचा, दुसरा उमरावांचा आणि तिसरा बाकी सगळ्यांचा. उमराव पिसांच्या टोप्या आणि जरीच्या पोशाखात आले, तिसऱ्या वर्गाला मात्र काळे साधे कपडे घालून यायचं फर्मान होतं. तिसऱ्या वर्गाचे प्रतिनिधी सुमारे 600 होते, जवळजवळ उरलेल्या दोन्ही वर्गांच्या बेरजेइतके. पण मतं माणशी मोजायची की वर्गाला एक, हे कोणी ठरवलंच नव्हतं. वर्गाला एक मत धरलं तर निकाल कायम दोनास एक असाच लागणार होता.

सहा आठवडे हा घोळ चालला. शेवटी 17 जूनला तिसऱ्या वर्गाने स्वतःला ‘राष्ट्रीय सभा’ असं नाव घेतलं. त्यामागचा तर्क आबे सीयेस या धर्मगुरूने जानेवारीतच एका पुस्तिकेत मांडला होता: देशातली कामं जे करतात आणि ज्यांची संख्या सर्वांत मोठी आहे, तेच राष्ट्र. हे नाव घेताच ती मंडळी राजाने बोलावलेले अर्जदार उरली नाहीत. राष्ट्राच्या वतीने आम्ही बोलतो आणि आमच्या संमतीशिवाय कर बेकायदा आहेत, असं ती म्हणू लागली.

20 जूनला त्यांच्या सभागृहाला कुलूप आढळलं. मंडळी जवळच्या टेनिसच्या बंदिस्त मैदानात गेली आणि राज्यघटना होईपर्यंत पांगायचं नाही अशी शपथ घेतली. एकाच सभासदाने, मार्तां-दोशने, सहीपुढे ‘विरोध’ असं लिहिलं. लोक त्याच्यावर धावून गेले, पण त्याचा विरोध नोंदीतून खोडला गेला नाही.

मग बॅस्टिलचं महत्त्व काय?

त्या किल्ल्यात कैदी होते फक्त सात. लोक गेले होते दारूगोळ्यासाठी, कारण राजाने पॅरिसभोवती फौजा आणल्या होत्या आणि 11 जुलैला लोकप्रिय अर्थमंत्री नेकर याला काढून टाकलं होतं. हल्ला करणारे शंभराच्या आसपास मेले. किल्ला पडला आणि राजाच्या लक्षात आलं की पॅरिसवर गोळ्या झाडायला आपले शिपाई तयार होतीलच असं नाही. राष्ट्रीय सभा वाचली ती यामुळे.

त्या दिवशी लुईने रोजनिशीत ‘काही नाही’ असं लिहिलं, यावरून त्याला बावळट ठरवतात. ती रोजनिशी मुख्यतः शिकारीची होती. ‘काही नाही’ म्हणजे आज शिकार मिळाली नाही.

हक्कांच्या जाहीरनाम्यात नवीन काय होतं?

26 ऑगस्ट 1789 च्या जाहीरनाम्यात 17 कलमं आहेत. त्यांतलं तिसरं कलम सांगतं की सार्वभौमत्व मुळात राष्ट्राचं आहे, आणि कोणतीही व्यक्ती किंवा संस्था राष्ट्राकडून न आलेली सत्ता चालवू शकत नाही. राजाचं नाव त्यात नाही, पण रोख त्याच्याकडेच आहे. तोपर्यंत सत्ता देवाकडून राजाकडे आणि राजाकडून खाली येत होती. आता ती खालून वर जाणार होती.

ऑक्टोबरमध्ये राजाची पदवी बदलली. ‘फ्रान्स आणि नव्हाराचा राजा’ होता, तो ‘फ्रेंचांचा राजा’ झाला. दोन्ही पदव्या शेजारी ठेवून पाहा. पहिलीत देश त्याच्या वतनासारखा आहे, दुसरीत तो लोकांनी नेमलेला कारभारी आहे. ही पदवी लक्षात ठेवा, शेवटच्या उत्तरात ती परत येणार आहे.

म्हणजे 1789 मध्ये सगळे नागरिक झाले?

नाही. ‘माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान हक्कांची असतात’ असं लिहिणाऱ्या सभेनेच काही महिन्यांत नागरिकांचे दोन भाग पाडले, सक्रिय आणि निष्क्रिय. निष्क्रिय नागरिकाला कायद्याचं संरक्षण होतं, मत नव्हतं. सक्रिय व्हायला पुरुष असावं लागे, वय पंचविशीच्या पुढे, एका ठिकाणी वर्षभर वास्तव्य, तीन दिवसांच्या मजुरीइतका थेट कर, आणि घरगड्याची नोकरी नसावी.

हे प्रत्यक्षात कसं चालायचं ते पाहू. एका दिवसाची मजुरी प्रत्येक गाव ठरवायचं, पण 20 सूच्या वर धरायची नाही असा नियम होता. म्हणजे तीन दिवसांचे 60 सू, अर्थात तीन लिव्हर. समजा पॅरिसमधला एक सुतार स्वतःचं दुकान चालवतो आणि सहा लिव्हर कर भरतो. तो सक्रिय. त्याच्या हाताखालचा कारागीर त्याच दुकानात, त्याच रंध्यावर काम करतो, पण भाड्याच्या खोलीत राहतो आणि त्याचा कर दोन लिव्हरच होतो. तो निष्क्रिय. आणि सुतार जरी सक्रिय असला तरी त्याचं मत थेट प्रतिनिधीला जात नसे. ते जाई निर्वाचकांना, म्हणजे प्रतिनिधी निवडणाऱ्या मधल्या लोकांना, आणि निर्वाचक होण्यासाठी दहा दिवसांच्या मजुरीइतका कर लागे. स्वतः प्रतिनिधी व्हायचं तर सुरुवातीच्या नियमाप्रमाणे कर पन्नास लिव्हरच्या वर हवा. म्हणजे नागरिकत्वाला कराच्या तीन पायऱ्या.

सक्रिय नागरिकांची संख्या सुमारे 43 लाख भरली. त्या काळच्या युरोपात हा आकडा प्रचंड होता. तरीही कामी देमुलँ या पत्रकाराने विचारलं की या नियमाने येशू ख्रिस्तसुद्धा निष्क्रिय ठरला असता, त्याचं काय? पुढे दहशतीच्या पर्वाचा म्होरक्या ठरलेला सभासद रोबेस्पिएरही या अटींविरुद्ध सभेत सतत बोलत राहिला.

इथे जी गोष्ट घडली ती मला या क्रांतीतली सर्वांत मोलाची वाटते. वगळलेल्या माणसांनी जाहीरनामा हातात घेतला आणि तो लिहिणाऱ्यांनाच वाचून दाखवला. प्रॉटेस्टंटांना डिसेंबर 1789 मध्ये पदं मिळवायचा हक्क मिळाला, तेव्हाच नट आणि फाशी देणारे जल्लाद यांचाही प्रश्न चर्चेला आला, कारण ते धंदे हीन मानले जात. क्लेर्मों-तोनेर या उमराव सभासदाने ज्यूंबद्दल म्हटलं की वेगळी जमात म्हणून त्यांना काही द्यायचं नाही, व्यक्ती म्हणून मात्र सगळं द्यायचं. दक्षिणेकडच्या ज्यूंना जानेवारी 1790 मध्ये आणि उरलेल्या सगळ्यांना 27 सप्टेंबर 1791 ला नागरिकत्व मिळालं. त्या वाक्यात एक अटही दडलेली आहे: नागरिक व्हायचं तर जमातीचे वेगळे कायदे सोडायचे. तो वाद फ्रान्समध्ये अजून मिटलेला नाही.

राजा गेला कसा? लोकांना तो आवडत नव्हता का?

उलट, फार आवडत होता. 1789 मध्ये गावोगावच्या गाऱ्हाण्यांच्या वह्या राजाकडे मायबाप म्हणूनच पाहतात. मायबाप चांगला, भोवतालचे कारभारी वाईट, ही समजूत आपल्याकडच्या रयतेलाही ओळखीची आहे. ती तुटली एका प्रवासात, म्हणून तो सविस्तर सांगतो.

ऑक्टोबर 1789 मध्ये बाजारातल्या हजारो बायका पावाच्या टंचाईने संतापून पावसात व्हर्सायला चालत गेल्या आणि राजाला कुटुंबासह पॅरिसला घेऊन आल्या. तेव्हापासून तो त्विलरी राजवाड्यात राहत होता, नावाने राजा आणि प्रत्यक्षात नजरकैदेत. 20 जून 1791 च्या मध्यरात्री तो तिथून निसटला. पूर्व सरहद्दीजवळ माँमेदीला जनरल बुइये निष्ठावान फौज घेऊन थांबला होता. राजपुत्र आणि राजकन्येचा सांभाळ करणारी मादाम द तुर्झेल ‘बॅरोनेस द कोर्फ’ झाली आणि राजा तिचा नोकर झाला. गाडी मात्र एवढी मोठी आणि जड होती की वाटेत सगळ्यांच्या नजरेत भरली. वेळ हुकत गेली. वाटेवर थांबलेले घोडेस्वार राजा येत नाही असं समजून मागे फिरले.

संध्याकाळी सेंत-मेनुल गावात घोडे बदलताना टपालचौकीच्या प्रमुखाला, द्रुएला, शंका आली. राणीला त्याने सैन्यात असताना पाहिलं होतं. राजाचा चेहरा त्याने ओळखला तो नोटेवरून. नव्या सरकारने चर्चच्या जप्त जमिनींच्या तारणावर ‘आसिन्या’ नावाच्या कागदी नोटा काढल्या होत्या आणि पन्नास लिव्हरच्या नोटेवर लुईचं चित्र होतं. द्रुएने पुढे सभेत स्वतःच हे सांगितलं. गाडी गेल्यावर तो एका सोबत्याला घेऊन आडवाटेने रानातून घोडा दामटत निघाला आणि गाडीच्या आधी व्हारेन गावात पोचला. एर नदीच्या पुलावर सामानाने लादलेली गाडी आडवी घालून त्यांनी रस्ता अडवला.

रात्रीचे अकरा वाजून गेले होते. गावचा अधिकारी होता सोस, धंद्याने वाणी. त्याने परवाने पाहिले, ते बरोबर दिसत होते. पण गाडी सोडायची हिंमत होईना. त्याने सगळ्यांना आपल्या दुकानावरच्या खोलीत नेलं. गावातल्या देस्तेझ नावाच्या न्यायाधीशाने पूर्वी व्हर्सायला राजाला पाहिलं होतं. त्याला बोलावलं गेलं आणि तो खोलीत शिरताच गुडघ्यावर बसला. ओळख पटली. लुईने मग कबूल केलं की मीच राजा. खाली घंटा वाजत होती आणि आसपासच्या गावांतले लोक हत्यारं घेऊन जमत होते. पहाटे पॅरिसहून हुकूम आला: परत आणा.

वाणी, टपालचौकीवाला आणि गावचा न्यायाधीश. यांतल्या कोणालाही वरून आदेश नव्हता. राजाला थांबवायचा अधिकार आपल्याला आहे असं त्यांनी त्या रात्री गृहीत धरलं. नागरिकत्वाची व्याख्या पुस्तकात शोधण्यापेक्षा मी त्या वाण्याच्या माडीकडे बोट दाखवीन.

त्याहून घातक होतं ते राजाने मागे ठेवलेलं पत्र. आजवर जे मान्य केलं ते दबावाखाली, असं त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. राजवाड्यात सोयी नाहीत आणि खर्चाची नेमणूक अपुरी आहे, अशा तक्रारीही त्यात होत्या. 25 जूनला गाडी पॅरिसमध्ये शिरली तेव्हा रस्त्यावर अफाट गर्दी होती आणि कोणी काही बोलत नव्हतं. शहरात फलक लागले होते: राजाचा जयजयकार करील त्याला फटके, त्याचा अपमान करील त्याला फाशी. लोकांनी टोप्या काढल्या नाहीत.

मग तेव्हाच प्रजासत्ताक का झालं नाही?

राजाशिवाय राज्य चालणार नाही अशी सभेतल्या बहुसंख्यांना भीती वाटत होती. त्यांनी राजाचं ‘अपहरण’ झालं अशी कथा रचली आणि त्याला पुन्हा गादीवर बसवलं. 17 जुलैला शाँ द मार्स मैदानावर लोक प्रजासत्ताकाच्या मागणीच्या अर्जावर सह्या करायला जमले, तेव्हा राष्ट्रीय रक्षकदलाने गोळीबार केला. सुमारे पन्नास माणसं मेली. सह्या करणाऱ्यांत निष्क्रिय नागरिक मोठ्या संख्येने होते.

पुढचं सारं युद्धाने घडवलं. एप्रिल 1792 मध्ये फ्रान्सने ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारलं, सुरुवातीला हार होत गेली. ऑगस्टच्या सुरुवातीला शत्रूच्या सेनापतीचा, ब्रुन्सविकच्या ड्यूकचा, जाहीरनामा पॅरिसला पोचला: राजघराण्याला धक्का लागला तर शहर बेचिराख करू. राजाला वाचवायला काढलेल्या या धमकीनेच त्याचा शेवट जवळ आणला, कारण राजा शत्रूला मिळालेला आहे हे आता शत्रूनेच सांगितल्यासारखं झालं. 10 ऑगस्टला पॅरिसच्या वस्त्यांतले लोक आणि मार्सेय व ब्रेस्तहून आलेले स्वयंसेवक राजवाड्यावर चालून गेले. सुमारे 600 स्विस रक्षक मारले गेले, हल्लेखोरांचीही शेकडो माणसं पडली. सक्रिय-निष्क्रिय हा भेद त्यानंतर सुटला आणि नव्या सभेची, म्हणजे कन्व्हेन्शनची, निवडणूक जवळजवळ सगळ्या प्रौढ पुरुषांच्या मताने झाली. घरगडी तेव्हाही बाहेरच राहिले आणि मतदान फार कमी झालं. 21 सप्टेंबर 1792 ला राजेशाही रद्द झाली.

राजाला मारणं टाळता आलं असतं का?

मतं मोजली तर फरक थोडाच होता. राजवाड्यातल्या भिंतीत एक लोखंडी कपाट सापडलं आणि त्यातल्या कागदांनी राजाचे गुप्त व्यवहार उघडे केले. कन्व्हेन्शनने त्याच्यावर खटला चालवला आणि तो दोषी आहे यावर जवळजवळ एकमत झालं. शिक्षेवर 721 मतं पडली: 387 मृत्यूदंडाला, 334 इतर शिक्षांना किंवा सशर्त मतांना. त्या 387 मधले 26 जण शिक्षा लांबवायचा विचार व्हावा असं म्हणत होते. ते बाजूला काढले तर उरतात 361, म्हणजे नेमकं एकाचं बहुमत.

विरोधात बोलणाऱ्यांत थॉमस पेन होता. इंग्लंडात जन्मलेला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी लेखणी चालवलेला हा माणूस, त्याला फ्रान्सने नागरिकत्व दिलं आणि तो कन्व्हेन्शनवर निवडून आला. फ्रेंच बोलता येत नसल्याने त्याचं भाषण भाषांतरकार वाचत होता. राजेशाहीचा कट्टर शत्रू असूनही त्याने म्हटलं की राजेशाही मारा, माणूस मारू नका, त्याला अमेरिकेला पाठवा. जाँ-पॉल मारा हा जहाल सभासद मध्येच ओरडला की हा हिंसा न मानणाऱ्या क्वेकर पंथाचा आहे, याचं मत धरू नका. 21 जानेवारी 1793 ला पदवी गेलेल्या राजाला, आता नुसत्या ‘लुई कापे’ला, गिलोटिनवर चढवलं. वर्ष संपायच्या आत पेन स्वतः तुरुंगात होता. या प्रसंगात मी पेनच्या बाजूचा आहे.

साध्या माणसाच्या रोजच्या जगण्यात काय बदललं?

हाक मारायची पद्धत. ‘मस्य’ आणि ‘मादाम’ जाऊन ‘सितुआयां’ आणि ‘सितुआयेन’, म्हणजे नागरिक आणि नागरिका, आले. फ्रेंचमध्येही आपल्यासारखं ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहे, आणि 1793 मध्ये सगळ्यांनी सगळ्यांना ‘तू’ म्हणावं असा आग्रह धरला गेला. आपल्याला याचं वजन लगेच कळतं. पाटलाने गड्याला ‘अरे’ म्हणायचं आणि गड्याने ‘जी’ म्हणायचं, ही उतरंड भाषेतच असते. सगळ्यांना ‘तुम्ही’ न करता सगळ्यांना ‘तू’ केलं, हे मात्र टिकलं नाही.

टिकली ती नोंदवही. 20 सप्टेंबर 1792 च्या कायद्याने जन्म, लग्न आणि मृत्यूची नोंद चर्चच्या पाद्र्याकडून नगरपालिकेकडे गेली. त्यामुळे ज्यूचं, प्रॉटेस्टंटाचं आणि कॅथलिकाचं मूल एकाच वहीत आलं. त्याच दिवशी घटस्फोट कायदेशीर झाला, नवराबायको दोघांनाही.

बायकांचं काय?

राजाला पॅरिसला आणलं बायकांनी, पण मत त्यांना मिळालं नाही. ऑलांप द गूजने 1791 मध्ये पुरुषांच्या जाहीरनाम्याचं एकेक कलम घेऊन स्त्रियांचा जाहीरनामा लिहिला. स्त्रीला फाशीच्या चौथऱ्यावर चढायचा हक्क असेल तर व्यासपीठावर चढायचाही असला पाहिजे, असं तिने त्यात म्हटलं. ऑक्टोबर 1793 च्या अखेरीस स्त्रियांच्या संघटनांवर बंदी आली आणि काही दिवसांतच, 3 नोव्हेंबरला, तिला गिलोटिनवर नेलं. फ्रान्समध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला 1944 मध्ये.

हे विचार पसरले कसे? फ्रेंच सैन्याबरोबरच ना?

काही ठिकाणी सैन्याबरोबर, आणि तिथे लोकांनी त्यांना परक्यांचा जुलूम म्हणूनच पाहिलं. खरी परीक्षा झाली कॅरिबियन समुद्रातल्या सें-दोमिंग या फ्रेंच वसाहतीत. उसाच्या मळ्यांवर तिथे साडेचार लाखांच्या वर गुलाम राबत होते आणि फ्रान्सच्या कित्येक बंदरांची श्रीमंती त्यावर उभी होती. ‘माणसं जन्मतः स्वतंत्र’ हे वाक्य तिथे लागू होऊ नये म्हणून मळेवाल्यांनी पॅरिसमध्ये भरपूर खटपट केली. ऑगस्ट 1791 मध्ये गुलामांनी उठाव केला. दोन वर्षांनी तिथल्या फ्रेंच आयुक्तांनाच मुक्ती जाहीर करावी लागली.

फेब्रुवारी 1794 मध्ये त्या बेटाचे प्रतिनिधी कन्व्हेन्शनमध्ये आले. त्यांत जाँ-बातिस्त बेले होता, एके काळचा गुलाम. दुसऱ्या दिवशी, 4 फेब्रुवारीला, सभेने सगळ्या वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली आणि रंग न पाहता तिथल्या सगळ्या पुरुषांना फ्रेंच नागरिक म्हटलं. हा निर्णय पॅरिसच्या औदार्याने झाला असं लिहिलेलं मी पुष्कळदा वाचतो. तो गुलामांनी आधी रणात मिळवला होता. सगळीकडे तो पोचलाही नाही. ज्या मॉरिशसला पुढे मराठी मजूर गेले, तिथल्या मळेवाल्यांनी 1796 मध्ये हुकूम घेऊन आलेल्या फ्रेंच प्रतिनिधींना परत पिटाळलं. 1802 मध्ये नेपोलियनने गुलामगिरी पुन्हा आणली. सें-दोमिंगच्या लोकांनी त्याच्या फौजेचा पराभव केला आणि 1 जानेवारी 1804 ला हैती हे स्वतंत्र राष्ट्र झालं.

दहशतीच्या पर्वामुळे सगळंच फुकट गेलं नाही का?

ते पर्व झाकू नये. सप्टेंबर 1793 च्या संशयितांच्या कायद्याने नुसत्या बोलण्यावरून अटक होऊ लागली. न्यायालयांनी दिलेल्या मृत्यूदंडांची संख्या सतरा हजारांच्या घरात जाते, त्यात पश्चिमेकडच्या बंडात आणि तुरुंगात मेलेले धरलेले नाहीत. जून 1794 च्या कायद्याने तर आरोपीचा वकीलही काढून घेतला. जाहीरनाम्यातल्या सातव्या, आठव्या आणि नवव्या कलमांनी हेच निषिद्ध केलं होतं. ते त्याच माणसांनी मोडलं. 28 जुलै 1794 ला रोबेस्पिएर स्वतः गिलोटिनवर गेला.

महाराष्ट्राशी आणि गोव्याशी याचा खरा संबंध कुठे येतो?

टिपू सुलतानाच्या, फ्रेंच क्रांतिवाद्यांच्या धर्तीवरच्या ‘जॅकोबिन क्लब’ची गोष्ट नेहमी सांगतात. ती मुख्यतः श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी छापलेल्या कागदांवर उभी आहे, आणि तिच्या तपशिलांवर अभ्यासकांना शंका आहेत. तिच्यावर मी भर देणार नाही.

महाराष्ट्रात दुवा थॉमस पेनचाच. राज्यक्रांतीवरच्या टीकेला उत्तर म्हणून त्याने लिहिलेलं ‘राइट्स ऑफ मॅन’ जोतीराव फुल्यांनी तरुणपणी, 1847 च्या सुमारास, वाचलं. जन्मावरून माणसाचा हक्क ठरत नाही हा त्यातला युक्तिवाद उमरावांविरुद्ध होता. फुल्यांनी तो जातीकडे वळवला. डॉ. आंबेडकरांनी मात्र 1954 मध्ये आकाशवाणीवर स्पष्ट सांगितलं की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही आपली त्रयी फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलेली नाही, ती बुद्धाकडून घेतली आहे. म्हणून आपल्या राज्यघटनेतले शब्द दिसले की सरळ पॅरिसकडे बोट दाखवू नये.

गोव्यात वाट पोर्तुगालवरून आली. 1820 च्या उदारमतवादी उठावानंतर लिस्बनच्या सभेसाठी गोव्यातूनही प्रतिनिधी निवडले गेले, त्यांत बेर्नार्दू पेरिश द सिल्व्हा होते. 1835 मध्ये ते पोर्तुगीज हिंदुस्थानचे प्रमुख म्हणून गोव्यात आले, हे पद मिळालेले पहिले गोमंतकीय. लष्करी बंडाने त्यांना काही दिवसांतच हाकलून दिलं. कागदावर समान नागरिक आणि खुर्चीवर बसताच परका, हा अनुभव सें-दोमिंगच्या जाँ-बातिस्त बेलेच्या पिढीनेही घेतला होता.

‘पाव नसेल तर केक खा’ असं राणी म्हणाली होती का?

नाही. हे वाक्य रूसोच्या आत्मचरित्रात एका अनाम राजकन्येच्या तोंडी आहे, आणि तो मजकूर लिहिला गेला तेव्हा पुढची राणी मारी अंत्वानेत ऑस्ट्रियातली लहान मुलगी होती.

शेवटी राजे परत आलेच ना?

आले. मारल्या गेलेल्या राजाचा भाऊ 1814 मध्ये अठरावा लुई म्हणून गादीवर बसला आणि त्याने ‘फ्रान्स आणि नव्हाराचा राजा’ ही जुनी पदवी पुन्हा लावली. पण त्याला जी सनद द्यावी लागली तिच्या पहिल्याच कलमात कायद्यापुढे सगळे फ्रेंच समान आहेत असं लिहिलं होतं, आणि क्रांतीत विकल्या गेलेल्या चर्चच्या जमिनी घेणाऱ्यांकडेच राहतील हेही मान्य होतं. त्याच्यामागून आलेल्या दहाव्या चार्ल्सने वृत्तपत्रं आणि मताधिकार आवळायचा प्रयत्न केला. जुलै 1830 मध्ये पॅरिसने तीन दिवसांत त्याला घालवलं. त्याच्या जागी आलेल्या लुई-फिलिपने शपथ घेतली ती ‘फ्रेंचांचा राजा’ म्हणून.